नोकरी सुटते, फोनवरचा व्हीपीएन राहतो

गोव्यात पावसाची चाहूल लागली की हॉटेलांतले हंगामी कर्मचारी गावी निघतात. त्यांच्या फोनवर बसवलेलं ऑफिसचं व्हीपीएन प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित वाटेने जोडणाऱ्या सेटिंग्जचा संच, मात्र सोबतच जातो.

2008 मध्ये आयफोनला प्रोफाइल मिळायचं ते मेलने, वेबपानावरून किंवा केबल लावून. ते दुरून काढायची सोय नव्हती. हातात होता तो मेल सर्व्हरवरून अख्खा फोन पुसण्याचा अधिकार. 2010 च्या आयओएस 4 पासून ऑफिसचा फोन सांभाळणारा सर्व्हर प्रोफाइल दुरूनच बसवू आणि काढू लागला. 2013 मध्ये आयओएस 7 ने अ‍ॅपनिहाय टनेल, म्हणजे ऑफिसपर्यंतची सुरक्षित वाट, आणलं. सर्व्हरने दिलेल्या बुकिंग अ‍ॅपला टनेलचा क्रमांक जोडला की तेवढंच अ‍ॅप ऑफिसच्या वाटेने जातं, घरचे फोटो आपल्या वाटेने. अ‍ॅप कर्मचाऱ्याने आधीच स्वतः घेतलेलं असेल, तर सर्व्हरने ते ताब्यात घेईपर्यंत ते टनेलबाहेरच राहतं. व्हीपीएन बसला तरी बुकिंग उघडत नाही, अशी तक्रार आली की आधी हे तपासावं. अँड्रॉइडने 2014 मध्ये वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमध्ये कामासाठीचा स्वतंत्र कप्पा, वेगळं काढलं.

वाद पेटला तो पुसण्यावरून. मालकांना शेवटच्या दिवशी सगळा फोन साफ हवा होता, पण फोन तर कर्मचाऱ्याचा, मुलाच्या बारशाचे फोटोही त्यातच. 2019 मध्ये आयओएस 13 ने कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनसाठी ऑफिसच्या सर्व्हरकडे करायची वेगळी नोंदणी दिली, त्यात पूर्ण फोन पुसण्याचा अधिकारच ठेवला नाही. ते उशिरा झालं, पण योग्य झालं.

अडचण आता वेगळीच आहे. कळंगुटच्या हॉटेलातला रिसेप्शनवाला मेअखेरीस सोडून गेला असं धरा. आयटीवाला नोंदणी काढायचा आदेश देतो. पुश सूचना फोनला फक्त जागं करते, आदेश फोनने स्वतः येऊन घ्यायचा असतो. फोन बंद असला किंवा डेटा नसला तर आदेश रांगेतच राहतो. प्रोफाइल बसवण्यासारख्या काही आदेशांना तर कुलूपबंद फोन `NotNow`, म्हणजे आत्ता नाही, असं उत्तर देतो. नोंदणी एकदा निघाली की तिच्यासोबत आलेली प्रोफाइलं आणि टनेल उघडताना फोनची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रंही जातात. तोवर मात्र फोनमधलं प्रमाणपत्र वैधच असतं, आणि फोन पुन्हा सुरू होऊन आदेश घेण्याआधी टनेल उघडूही शकतं.

म्हणून जाणकार आधी व्हीपीएन गेटवेवर, म्हणजे टनेल ऑफिसमध्ये शिरतं त्या दारावर, ते प्रमाणपत्र रद्द करतात, खातं बंद करतात, मग आदेश पाठवतात. त्यातही गेटवे रद्द प्रमाणपत्रांची यादी किती वेळाने ताजी करतो ते पाहावं लागतं. यादी दिवसातून एकदाच येत असेल, तर सकाळी रद्द केलेलं प्रमाणपत्र संध्याकाळीही चालू शकतं.