अॅपल खातं परत मिळवताना थांबावं का लागतं?

फोन हरवला, पासवर्डही आठवत नाही, आणि अॅपल सांगतं, ‘काही दिवस थांबा.’ अशा वेळी आमच्याकडे येणारे ग्राहक साहजिकच वैतागलेले असतात. ही मुदत आम्हाला कमी करता येत नाही, अॅपलच्या मदत केंद्रालाही नाही. पैसे घेऊन लवकर करून देतो म्हणणाऱ्याला कृपया काहीही देऊ नका.

कारण असं आहे. पासवर्ड नाही, हाताशी त्या खात्यात आधीच साइन इन केलेलं विश्वासू उपकरण नाही, तर अर्ज करणारा खरा मालक की चोर, हे यंत्रणेला ओळखता येत नाही. म्हणून ती वेळ जाऊ देते. अर्ज झाल्याचा संदेश खऱ्या मालकाला जातो आणि तो अर्ज रद्द करू शकतो. चोराला हीच गोष्ट अडते.

समजा, तुमचा फोन गेला आणि घरात त्याच खात्यावर चालणारा जुना आयपॅड आहे. आधी त्याचा पासकोड आठवतो का पाहा. आठवत असेल तर बहुतेक वेळा तिथूनच सेटिंग्जमध्ये पासवर्ड बदलता येतो, थांबायची गरजच नाही. आठवत नसेल तर iforgot.apple.com वर अर्ज करा आणि आयपॅड बंद करून ठेवा. मुलांनी तो खेळायला घेतला, तर ‘मालकाच्या हातात उपकरण आहे, मग हा अर्ज कोणाचा?’ असा अर्थ निघतो आणि अर्ज आपोआप रद्द होऊ शकतो. मग मुदत पुन्हा पहिल्यापासून. ठरलेली तारीख आणि वेळ ई-मेलने कळते. तो ई-मेल यायलाच 72 तास लागू शकतात. दरम्यान पासवर्ड आठवला तर अर्ज रद्द करून सरळ आत जा.

हे टाळायचं तर आधीच एक रिकव्हरी कॉन्टॅक्ट, म्हणजे खातं परत मिळवायला मदत करणारी भरवशाची व्यक्ती, नेमून ठेवा. आयफोनमध्ये Settings उघडा, आपल्या नावावर जा, मग Sign-In & Security आणि Recovery Contacts. त्या व्यक्तीकडेही अॅपलचं उपकरण हवं. अडचणीच्या वेळी ती आपल्या फोनवरून सहा आकडी कोड काढून तुम्हाला सांगते. तिला तुमचे फोटो किंवा संदेश अजिबात दिसत नाहीत. तिला एवढंच सांगून ठेवा, की कोड प्रत्यक्ष भेटीत किंवा ओळखीचा आवाज ऐकूनच द्यायचा. नुसत्या मेसेजवर नाही.

रिकव्हरी की वेगळी. हा 28 अक्षरांचा कोड आहे. तो चालू केला की वर सांगितलेली थांबून खातं मिळवण्याची वाट बंद होते. विश्वासू उपकरणंही गेली आणि कीही हरवली, तर खातं कायमचं जाऊ शकतं. म्हणून आम्ही बहुतेकांना कॉन्टॅक्टच सुचवतो. की हवीच असेल तर ती कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. तिचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवलात, तर फोनबरोबर तीही जाईल.