गाडी-माल जुळणी (महत्तम प्रवाह पद्धत)

उपलब्ध मालवाहू ट्रक आणि वाहून न्यायचा माल यांच्या जोड्या लावून एकही भरती मागे राहत नाही ना, हे तपासण्याची गणिती रीत. गाड्यांचे बिंदू एका बाजूला, मालाचे दुसऱ्या बाजूला मांडतात. जी गाडी जो माल नेऊ शकते, तेवढ्याच जोड्यांमध्ये रेषा काढतात. अशा आकृतीला द्विभाजित आलेख म्हणतात. मग उगम आणि गंतव्य असे दोन जादा बिंदू घेऊन उगमापासून प्रत्येक गाडीकडे, प्रत्येक मालापासून गंतव्याकडे आणि मधल्या प्रत्येक रेषेवर १ क्षमता धरून जास्तीत जास्त प्रवाह काढायचा. प्रवाहाचे प्रत्येक एकक म्हणजे एक जोडी. तो मालाच्या संख्येइतका भरला, तर जुळणी पूर्ण. क्षमता पूर्णांकी असल्याने पूर्णांकी महत्तम प्रवाह नेहमी मिळतो. अर्धी गाडी अर्ध्या मालाला, असे उत्तर घ्यावे लागत नाही.

या कल्पनेचा उगम कोणाकडे, याबद्दल एकवाक्यता नाही. कोणतेही काही माल निवडले तरी ते नेऊ शकणाऱ्या गाड्या निदान तितक्या हव्यात, ही पूर्ण जुळणीची कसोटी गणितज्ञ फिलिप हॉल यांच्या नावे (१९३५) ओळखली जाते. पण केनिग यांचा १९३१चा सिद्धांत तिच्याशी सममूल्य आहे आणि फ्रोबेनियस यांचे काम (१९१७) त्याहून जुने आहे. त्यामुळे श्रेय एकट्या हॉल यांना न देणेच सयुक्तिक. प्रवाहाची बाजू फोर्ड व फल्कर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास मांडली. त्यामागचा प्रश्न हॅरिस व रॉस यांच्या सोव्हिएत रेल्वेवरील १९५५च्या गोपनीय अहवालातला. म्हणजे मालवाहतूक या विषयाला मागाहून चिकटलेली नाही.

नाशिकचे एक कल्पित उदाहरण घेऊ. माल चार: लासलगावचा कांदा, न्हावा-शेव्याला जाणारी द्राक्षे, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, अंबड एमआयडीसीतले यंत्रभाग. पहिली उघडी गाडी कांदा किंवा टोमॅटो नेईल. दुसरी उघडी, कांदा किंवा यंत्रभाग. तिसरी शीतगाडी द्राक्षे किंवा टोमॅटो नेईल. चौथी शीतगाडी फक्त द्राक्षे. समोर येईल तशी भरती दिली, तर पहिलीला कांदा, दुसरीला यंत्रभाग, तिसरीला द्राक्षे जातात आणि चौथी रिकामी उभी राहते. इथे वर्धक मार्ग, म्हणजे जुन्या जोड्या बदलून एक जोडी वाढवणारी वाट, शोधतात: चौथीकडून द्राक्षांकडे, तिथून उलट तिसरीकडे, तिसरीकडून मोकळ्या टोमॅटोकडे. द्राक्षे चौथीला आणि टोमॅटो तिसरीला दिला की प्रवाह ४ होतो. अनुभवी ट्रान्सपोर्टवाला फोनवर हीच अदलाबदल करतो, फक्त तिला नाव देत नाही.

तिसऱ्या गाडीवाल्याने टोमॅटोला नकार दिला, तर प्रवाह ३वर अडकतो. आता चौथीकडून पुढे जाता येते ते द्राक्षांपर्यंत आणि उलट तिसरीपर्यंतच. अडचण तिथेच आहे: दोन गाड्या, माल एक. दुसऱ्या बाजूने पाहता कांदा, टोमॅटो व यंत्रभाग या तीन मालांना मिळून दोनच गाड्या उरतात. म्हणून फक्त द्राक्षे नेणारी आणखी शीतगाडी बोलावून उपयोग नाही; या तीन मालांपैकी एखादा नेणारी गाडीच हवी.

मोठ्या याद्यांसाठी हॉपक्रॉफ्ट व कार्प यांची पद्धत (१९७३) वापरतात. भाडे किंवा रिकामा फेरा या मांडणीत येत नाही. तो सर्वांत कमी खर्चाची जुळणी शोधणाऱ्या नियुक्ती प्रश्नाचा विषय. एकाच गाडीत वेगवेगळ्या वजनाचे दोन-तीन माल भरायचे असतील, तर नुसती क्षमता वाढवून भागत नाही, प्रश्नच अधिक कठीण वर्गात जातो.