जाड झालेली भिंत उतरते का?

कोल्हापुरात 'मोठं' म्हटलं की चांगलंच, मग ते काळीज असलं तरी. मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारे माझे एक शेजारी, वय 54, इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन आले. 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच', म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड झालेली, असं त्यात लिहिलेलं. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे त्यांनी स्वतःच निकाल लावला होता: "हृदयाचा स्नायू जाड, म्हणजे ताकदवानच की! आणि बीपी मला कधी जाणवतच नाही." बीपी होतं 162/98.

डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत जाड का होते यामागे एक सुंदर गणित आहे. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले कप्प्याची त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. लाप्लासचा नियम तो हाच. समजा दाब 120 आणि भिंत 9 मिलिमीटर आहे. दाब 160 झाला आणि कप्पा तेवढाच राहिला, तर ताण एक तृतीयांशाने वाढेल. पण भिंत 12 मिलिमीटर झाली की तो पुन्हा पहिल्याइतका होतो (120 भागिले 9 काय आणि 160 भागिले 12 काय, उत्तर 13.3 च). हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळपास विभागत नाहीत, म्हणून असलेल्या पेशींतच आकुंचन पावणारे नवे तंतू शेजारीशेजारी रचले जातात आणि पेशी रुंद होते.

इथवर हृदयाने शहाणपणाच केला म्हणायचा. पण पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेन हे चिवट प्रथिनही साचतं, भिंत ताठ होते, बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या स्नायूला पुऱ्या पडत नाहीत. ताठ कप्पा पुरेसा सैल पडत नाही, म्हणून नीट भरत नाही, मग जोतिबाच्या पायऱ्या चढताना धाप लागते. पैलवानाचा दाब जोर-बैठकांपुरता चढतो आणि उतरतो. बीपीवाल्याचं हृदय रात्री झोपेतही तीच कुस्ती खेळत असतं.

आता रिपोर्टमधले आकडे. दोन कप्प्यांमधला पडदा 1.3 सेंटीमीटर, मागची भिंत 1.2, आतला व्यास 4.6. तिन्हींची बेरीज 7.1. तिच्या घनातून 4.6 चा घन वजा करायचा, 1.04 आणि 0.8 ने गुणायचं आणि 0.6 मिळवायचे. स्नायूचं वजन आलं सुमारे 217 ग्रॅम. शरीराच्या 1.75 चौरस मीटर पृष्ठभागाने भागलं की 124. पुरुषांत 115 च्या वर आणि स्त्रियांत 95 च्या वर गेलं की स्नायू वाढला असं धरतात.

या रिपोर्टवरून दोन गोष्टी कळतात. दाब बराच काळ चढलेला होता, जाणवो वा न जाणवो. आणि 'तीन महिने फिरून बघू, मग गोळीचं ठरवू' ही सवलत संपली. अवयवाला इजा झालेली दिसली की गोळ्या लगेच सुरू होतात, बहुधा दोन मिळून, आणि झेपत असेल तर 130/80 च्या खाली जायचं ठरतं. जेवणातलं मीठ, पापड, लोणचं, खर्डा कमी करणं हे गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

भिंत उतरते का? उतरते. दाब खाली आला की पेशी हळूहळू आक्रसतात. कोलॅजेन मात्र सावकाश आणि अर्धवटच हटतं. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक दाब वाढवतंच, शिवाय पेशींना वाढायलाही सांगतं. त्याला अडवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन, इथे उजव्या ठरतात. 2002 च्या लाइफ या मोठ्या चाचणीत लोसार्टन आणि दुसऱ्या प्रकारची बीपीची गोळी अ‍ॅटेनोलॉल यांनी दाब जवळपास सारखाच उतरवला; तरी ईसीजीवर दिसणारी स्नायूची वाढ लोसार्टनने जास्त कमी झाली आणि पक्षाघातही सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'हृदयाची भिंत पातळ करणारा काढा' अशा कसोटीला उतरलेला नाही, आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

शेजाऱ्यांच्या दुसऱ्या इकोत, वर्षभराने, पडदा 1.2 आणि मागची भिंत 1.1 आली. वजन 193 ग्रॅम, भागाकार 110. घरी पेढे वाटायची तयारी. पण नीट बघा: फरक प्रत्येक भिंतीत एकच मिलिमीटर आहे, आणि मोजणाऱ्याचा कर्सर तेवढा सहज सरकतो. घन केल्यामुळे तो मिलिमीटर 24 ग्रॅम होऊन बसतो. म्हणून सुधारणा खरी मानायची ती घरच्या बीपीच्या नोंदी वर्षभर आटोक्यात असतील, ईसीजीही त्याच दिशेने बदलला असेल आणि दोन्ही इको शक्यतो एकाच मशीनवर, एकाच हाताने झाले असतील तर. त्यांच्या नोंदी 126/78 च्या आसपास होत्या, तेव्हा डॉक्टरांनी 'उतरली' म्हटलं. "मग आता एक गोळी कमी?" याला उत्तर 'नाही' मिळालं, कारण दाब परतला की भिंतही परतते.

बीपी आटोक्यात असूनही भिंत जाडच राहत असेल, किंवा ती 15 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर सगळा दोष बीपीवर टाकून भागत नाही. मग महाधमनीची अरुंद झालेली झडप, अनुवंशिक स्नायुविकार किंवा स्नायूत साचणारी अ‍ॅमिलॉइड प्रथिनं शोधावी लागतात, आणि त्यांचे उपचार अगदी वेगळे असतात.