सामायिक भिंतीवर मजला चढवताना शेजाऱ्यांना द्यायची दोन पत्रे

नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या रो-हाऊसवर पहिला मजला चढवताना बहुतेक वेळा नकाशा ठीक असतो आणि प्रकरण शेजाऱ्यांच्या कागदावर अडकते. लोक एकच पत्र नेतात: ‘आमच्या बांधकामास शेजाऱ्यांची हरकत नाही.’ भिंत उंच करायची संमती कायमची आहे आणि परांचीसाठी जागा महिनाभरापुरती हवी आहे. या दोन्ही गोष्टी एका कागदात घातल्या, की शेजारी घाबरतात आणि बांधकाम विभाग शंका काढतो. म्हणून पत्रे दोन करा.

पहिले पत्र भिंतीचे. मधली भिंत दोघांची असेल, तर तिच्यावर एकट्याच्या मर्जीने बांधता येत नाही. पत्रासोबत परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि नकाशा जोडा. नवा भार जुन्या भिंतीवर येणार की तुमच्या हद्दीतल्या स्वतंत्र कॉलमवर, हे त्यात स्पष्ट हवे. ऐंशीच्या दशकातल्या विटांच्या भिंतीवर भार टाकण्यापेक्षा स्वतःचे कॉलम घेतलेले बरे, आणि शेजाऱ्यांनाही ते लवकर पटते.

खरी अडचण सहीची आहे. शेजारी वीस वर्षे राहतात, मालमत्ता कराचे बिल भरतात, पण घर पॉवर ऑफ ॲटर्नीवर घेतलेले असते आणि सिडकोच्या दप्तरी मूळ वाटपधारकच असतो. काही घरांत तो वारलेला असतो आणि वारसनोंद झालेली नसते. कराचे बिल मालकीचा पुरावा नाही आणि भाडेकरूची सही तर चालतच नाही. म्हणून आधी त्यांच्याकडे सिडकोचा हस्तांतरण आदेश आहे का ते नम्रपणे विचारा. नोंद दोघांच्या नावे असेल तर दोघांच्या सह्या घ्या. नोंदच नसेल तर शेजारी कितीही राजी असोत, कागद टिकणार नाही, आणि ती नोंद करून घ्यायला वेळ लागतो. शेजाऱ्यांच्या घराचा सौदा सुरू असेल तर जास्तच जपा: जागा वापरण्याची परवानगी नव्या मालकावर बंधनकारक नसते, असे १८८२ चा ईझमेंट ॲक्ट सांगतो.

दुसरे पत्र परांचीचे. तुमची नवी भिंत शेजाऱ्यांच्या स्लॅबला लागून वर जाते, म्हणून परांची त्यांच्याच गच्चीवर उभी राहते. कंत्राटदार सहज म्हणतो, ‘पंधरा दिवस लिहा.’ हिशोब करून पाहा. दहा फूट उंच वीटकाम दिवसाला साधारण एक मीटर चढते, म्हणजे तीन-चार दिवस. त्यावर सात दिवस पाणी मारणे. बाहेरून दोन हातांचे प्लास्टर, पुन्हा सात दिवस पाणी. मग भिंत आणि स्लॅबच्या सांध्यावर वाटा काढणे आणि वॉटरप्रूफिंग, शिवाय परांची बांधणे-सोडणे. पंचविसाच्या आसपास दिवस जातात. तीस मागा आणि नेमक्या तारखा लिहा, पावसाळ्याआधीच्या. मजकूर असा पुरेल:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या पहिल्या मजल्याच्या बाहेरील बाजूच्या कामासाठी आपल्या गच्चीच्या आमच्या भिंतीलगतच्या चार फूट पट्ट्यात दि. … ते दि. … परांची उभारण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. काम सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत होईल. बांबूंखाली फळ्या ठेवू, स्लॅबला भोक पाडणार नाही. कामाआधी दोघांनी मिळून गच्चीचे फोटो काढू, नंतर नुकसान आढळल्यास आमच्या खर्चाने दुरुस्त करू. या परवानगीने आपल्या जागेवर आमचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. बहुतेक शेजारी गळती आणि जागेवरचा हक्क या दोन धास्तींमुळेच नकार देतात. गच्चीवर पत्रा असेल तर बांबू त्यावर टेकवता येत नाहीत, आधार भिंतीतूनच काढावा लागतो. हे पत्रात वेगळे लिहा.

पत्र हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, किंवा स्पीड पोस्टने पाठवा.

मुदतीबाबत मोठा गैरसमज आहे. एमआरटीपी या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, पण ती नियोजन प्राधिकरणाकडच्या अर्जासाठी, तीही बांधकाम नियमात बसत असेल तरच. शेजाऱ्यांचे मौन म्हणजे संमती नव्हे. इंटरनेटवरून उचललेल्या नोटिशीत ‘पार्टी वॉल ॲक्ट’ आणि चौदा दिवस लिहिलेले दिसले तर ती फेकून द्या. तो १९९६ चा इंग्लंडमधला कायदा आहे, इथे लागू नाही.

शेजाऱ्यांनी नाहीच म्हटले तर जबरदस्तीने गच्चीवर चढू नका. नवी भिंत पूर्णपणे आपल्या हद्दीत घेतली तर वीटकाम आतून करता येते, बाहेरचे प्लास्टर मात्र राहते. प्लास्टर नसलेली वीट पावसात दोन्ही घरांत ओल आणेल, हे इंजिनिअरकडून लेखी घेऊन पत्र पुन्हा द्या, या वेळी फक्त प्लास्टरचे दिवस मागून.