पहाटे पाचचा पंप आणि बॉटचं टोकन

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, आणि त्या वेळेत पंप चालू झाला नाही तर वरच्या मजल्यांवर बोंब होते. मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. रोज पहाटे ५ वाजता टेलिग्रामच्या ग्रुपवर ‘पाणी आलं, पंप चालू करा’ असा निरोप पडायला हवा, म्हणजे वॉचमन आणि कमिटीतले दोघे-तिघे जागे होतील. या कामाला बॉट पुरतो. बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो असं टेलिग्रामवरचं खातं.

ते उघडायला टेलिग्रामवरच `@BotFather` नावाचा अधिकृत बॉट आहे. त्याला `/newbot` लिहून पाठवलं की तो नाव विचारतो आणि शेवटी `123456789:AAE…` अशा धाटणीची एक लांबलचक ओळ देतो. हे टोकन. अपूर्णविरामाच्या आधीचा आकडा हा बॉटचा ओळखक्रमांक, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गुपित असतं ते त्याच्या पुढचं.

बॉटला ग्रुपमध्ये घेतलं की त्या ग्रुपचा क्रमांक शोधायचा (ग्रुपचे क्रमांक उणे चिन्हाने सुरू होतात) आणि घरातल्या छोट्या संगणकावर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर, `TOKEN` मध्ये टोकन आणि `CHAT` मध्ये ग्रुपचा क्रमांक भरून, ही आज्ञा ठेवायची:

```
curl -s "https://api.telegram.org/bot$TOKEN/sendMessage" \
  -d chat_id="$CHAT" \
  --data-urlencode text="पाणी आलं, पंप चालू करा"
```

वॉचमनला ग्रुपऐवजी थेट निरोप पाठवायचा असेल, तर आधी त्याने स्वतः बॉट उघडून ‘स्टार्ट’ दाबायला हवं. अनोळखी माणसाशी बॉट आपणहून बोलू शकत नाही. तसा प्रयत्न केला तर 403 किंवा 400 ही चूक येते.

आज्ञा वेळेवर चालवायचं काम क्रॉनचं, आणि गडबड बहुधा इथेच होते. भाड्याचे सर्व्हर बहुतेकदा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५ वाजतात तेव्हा सर्व्हरवर आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. रोजच्या निरोपाला `30 23 * * *` लिहून भागतं. पण ‘दर रविवारी टाकी धुवायची’ हा निरोप लावताना वार रविवारच ठेवला, तर तो सोमवारी पहाटे येतो आणि टाकी भरून गेलेली असते. तिथे शनिवार लिहावा लागतो: `30 23 * * 6`. त्यापेक्षा सर्व्हरचा वेळपट्टाच `Asia/Kolkata` करून क्रॉन पुन्हा सुरू करावा आणि वेळ सरळ `0 5 * * *` अशी लिहावी, ही बेरीज-वजाबाकी कायमची टळते.

आता टोकनचं. वरच्या पत्त्यात ते सरळ लिहिलेलं आहे. बॉटला वेगळा पासवर्ड नाही, ओटीपी नाही. टोकन ज्याच्या हाती, त्याला टेलिग्राम बॉटचा मालकच समजतं. कमिटीच्या बॉटवर सगळ्यांचा विश्वास बसलेला असताना त्याच बॉटच्या नावाने ‘या महिन्याचा मेंटेनन्स खालच्या क्यूआर कोडवर भरा’ असा निरोप आला, तर किती जण शंका घेतील? पंप चालू न होण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

आणि टोकन चोरायला कुणी घरफोडी करत नाही. ग्रुपचा क्रमांक शोधताना बरेच जण बॉटला आलेले निरोप दाखवणारा `getUpdates` चा पत्ता ब्राउझरमध्ये उघडतात. पत्त्यात टोकन असल्यामुळे ते ब्राउझरच्या इतिहासात राहतं. ऑफिसच्या संगणकावर हे केलं असेल तर तिथेही. प्रोग्रॅम अडला की चुकीच्या संदेशात पूर्ण पत्ता छापला जाऊ शकतो, आणि मदत मागायला आपण त्याचाच स्क्रीनशॉट मित्राला पाठवतो. टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवून `chmod 600` केलं की त्या संगणकावरच्या इतर साध्या खात्यांना ती फाइल वाचता येत नाही. प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये मात्र ती फाइल चढवू नये. नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत ती शिल्लक राहते.

टोकन फुटल्याची एक खूण ओळखता येते. तुमचा बॉट `getUpdates` ने निरोप वाचत असेल आणि अचानक 409 चूक येऊ लागली, तर त्याच टोकनवर दुसरं कुणीतरीही वाचत आहे किंवा कुणी वेबहुक लावून बॉटला येणारे निरोप दुसऱ्या पत्त्यावर वळवले आहेत. आधी आपलाच प्रोग्रॅम दोनदा चालू नाही ना, ते पाहावं. बहुतेक वेळा तेच निघतं. मग `getWebhookInfo` विचारावं. त्यात अनोळखी पत्ता दिसला तर शंकेला जागा नाही. पण चोर नुसतेच निरोप पाठवत असेल तर 409 येणारच नाही, त्यामुळे ही खूण नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

उपाय मिनिटभराचा आहे. `@BotFather` ला `/revoke` पाठवून बॉट निवडला की नवं टोकन मिळतं आणि जुन्याला 401 उत्तर येऊ लागतं. बॉटचं नाव आणि ग्रुप तेच राहतात. वेबहुक तुम्ही लावला नसेल तर नव्या टोकनने `deleteWebhook` चालवावं, फाइलमधलं टोकन बदलावं, आणि मधल्या काळात ग्रुपवर आलेला खोटा क्यूआर कोड हाताने काढून सगळ्यांना तसं कळवावं, कारण आधी पोहोचलेले निरोप `/revoke` ने पुसले जात नाहीत.