टाके भरले, तरी आग का होते?

कागलची सून. बाळ चार महिन्यांचं, माहेरून सासरी येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. सासू बाहेर बाकावर बसल्यावर हळूच म्हणाली, "डॉक्टर, टाके उसवल्यात काय बघा की. ह्यांच्याजवळ गेलं की आग होत्या. परवा थेंबभर रक्तबी दिसलं."

टाके छान भरले होते. योनीमार्गाचं अस्तर मात्र पातळ, फिकट आणि कोरडं होतं, म्हणून घासलं की सोलवटत होतं. बाळ अंगावर ओढतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा इशारा मंदावतो. मग बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडतं, आणि या अस्तराची जाडी व ओलावा तर त्याच्यावरच टिकतो. तिचं मन नव्हतं म्हणून कोरडेपणा आला, असं नव्हे. नवऱ्यालाही हे सांगायला हवं.

तिला पाण्यावर आधारित वंगण जेली लिहून दिली आणि दुखलं की तिथंच थांबायला सांगितलं. एवढ्यानं भागलं नाही, तर इस्ट्रोजेनचं सौम्य मलम तपासून देता येतं. खोबरेल तेल नको म्हटलं, कारण तेलानं निरोध फाटतो.

निरोधाचं नाव काढताच ती म्हणाली, "पण बाळ अंगावर पितंय, पाळीबी आली नाही. आत्याबाई म्हणतात काय भीती नाही."

आत्याबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाळी थांबते तीही त्याच प्रोलॅक्टिनमुळे. पण हा आडोसा टिकायला तीन अटी एकदम पाळल्या जायला लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला फक्त अंगावरचं दूध, तेही दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. मी विचारलं, रात्री बाळ किती वेळा उठतं? "उठतंच नाही. झोपताना आजी बाटली देत्यात." म्हणजे सलग आठ तास ओढणं नाही. अशा वेळी बीजांडकोश जागा होतो, आणि बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. पाळीची वाट बघत बसलेल्या बाईला दिवस गेलेले कळतही नाहीत. बाळ अंगावर पीतच नसेल, तर बाळंतपणानंतर तीन आठवड्यांपासूनच साधन लागतं.

लघवीची तपासणी केली, गर्भ नव्हता. पण अगदी अलीकडच्या संबंधातून राहिलेला गर्भ एवढ्या लवकर दिसत नाही. म्हणून तीन आठवडे निरोध, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतर तांबी, असं ठरलं. दूध पाजताना 'छाया' गोळी किंवा 'अंतरा' इंजेक्शनही चालतं, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. इस्ट्रोजेन असलेली नेहमीची गोळी मात्र दूध पाजताना पहिले सहा महिने शक्यतो नको.

बाळंतपणानंतर संबंध टाळण्याच्या बाबतीत आपला सव्वा महिना बरोबर आहे. वार सुटलेली जागा आतून भरायला सहाएक आठवडे लागतात, आणि अंगावरून जाणं थांबेपर्यंत जंतूंना वाट मोकळी असते. थांबलेलं लालभडक रक्त पुन्हा सुरू झालं, तासाभरात पॅड भिजलं, घाण वास किंवा ताप आला, तर ते कोरडेपणाचं नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

उठताना तिनं विचारलं, "मग रात्रीची बाटली बंद करू?" दूध पुरेसं होतं, बाळाचं वजनही चांगलं वाढत होतं. बंद कर म्हटलं, पण निरोध थांबवू नको.