मुदत ठेवीचं व्याज नक्की कोणत्या वर्षाचं? व्याज दाखल्यामागची पार्श्वभूमी

बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँकेनं व्याजातूनच कर कापून घेणं, १ जुलै १९९५ पासून सुरू झाला. ज्या रकमेपर्यंत तो कापत नाहीत ती मर्यादा शाखेगणिक मोजली जाई, म्हणून अनेकांनी ठेवी दोन-तीन शाखांत वाटून ठेवल्या. जून २०१५ पासून कोअर बँकिंग असलेल्या बँकांत सगळ्या शाखांचं व्याज एकत्र धरलं जाऊ लागलं, आणि सहकारी बँकांच्या सभासदांना असलेली सूटही तेव्हाच संपली. मर्यादेच्या आत राहिलं म्हणजे व्याज करमुक्त, हा समज मात्र टिकून राहिला. तो चुकीचा आहे. टीडीएस कापला नाही तरी व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं.

खरा गुंता आहे तो 'मिळालेलं व्याज' आणि 'उपार्जित व्याज' या दोन शब्दांत. उपार्जित म्हणजे हातात आलं नसलं तरी त्या वर्षी खात्यावर साठलेलं. पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत मुदतीपर्यंत हातात काही येत नाही, पण बँकेच्या व्याज दाखल्यावर दर वर्षी आकडा असतो आणि टीडीएसही कापलेला असतो.

समजा १ एप्रिलला २ लाख रुपये पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात जमा होत गेलं. टीडीएस धरला नाही, तर पहिल्या वर्षी व्याज साधारण १४,३७० रुपये, पाचव्या वर्षी सुमारे १८,९७० आणि एकूण ८२,९५० च्या आसपास. दर वर्षी दाखवलं तर कराचा भार पसरतो. मुदतीअखेर एकदम दाखवलं तर तो सगळा एका वर्षात येतो, आणि उत्पन्न कराच्या वरच्या टप्प्यात ढकललं जाण्याची शक्यता असते.

व्याज हातात आल्यावर दाखवायची रोख पद्धत आणि दर वर्षी साठेल तसं दाखवायची उपार्जित पद्धत, कायदा दोन्ही मान्य करतो. मात्र निवडलेली पद्धत नियमित पाळायला हवी. या वर्षी उपार्जित, पुढच्या वर्षी मिळालेलं, असं सोयीनं बदलता येत नाही. रोख पद्धतीत आणखी एक पेच आहे. टीडीएसचं श्रेय, ते व्याज ज्या वर्षी करपात्र ठरतं त्या वर्षीच मिळतं. म्हणजे चार वर्षं कापलेला कर पुढे ओढत न्यावा लागतो आणि पाचव्या वर्षी मागावा लागतो. नोंद तुटली की हा कर मिळवताना दमछाक होते. म्हणून पगारदार आणि निवृत्त ठेवीदारांनी उपार्जित पद्धतच धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००७ पासून विवरणपत्रासोबत दाखला जोडावा लागत नाही. २०२१ पासून एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, बँकांनी कळवलेलं व्याज दिसू लागलं. तरी दाखला लागतोच, कारण त्यात खातेनिहाय फोड असते. बचत खात्याचं व्याज वेगळं लिहिलेलं असेल, तरच जुन्या करप्रणालीतली १०,००० रुपयांपर्यंतची वजावट नीट मागता येते. ६० वर्षांवरच्यांना तिथे ठेवींसह ५०,००० पर्यंत वजावट आहे. नव्या प्रणालीत या दोन्ही नाहीत.

दाखला आणि एआयएस यांत फरक दिसला, तर आधी दाखल्याचा कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च आहे का ते पाहावं. मग मुदतीआधी मोडलेली ठेव शोधावी. मोडताना व्याजदर कमी होतो आणि आधी कळवलेल्या व्याजाचा काही भाग परत घेतला जातो. बहुतेकदा फरक तिथेच सापडतो.